इअर स्पीकर ‘उडाला’ म्हणण्याआधी

‘कानाला लावला की आवाज बारीक येतो, स्पीकरवर टाकला की खणखणीत. म्हणजे आतला स्पीकर उडाला, नाहीतर बोर्डाचं काम आहे.’ नाशिकमध्ये हे निदान इतक्या वेळा कानावर येतं की आता ऐकूनच चीड येते. फोन उघडूनही न बघता माणसं नव्या स्पीकरचे पैसे द्यायला तयार होतात.

जरा विचार करा. स्पीकरवर आवाज नीट येतोय, म्हणजे समोरच्याचं बोलणं तुमच्या फोनपर्यंत व्यवस्थित पोचतंय. अडचण फक्त शेवटच्या टप्प्यात आहे. तिथे बहुतेक वेळा स्पीकर ठणठणीत असतो, बुजलेली असते ती त्याच्यासमोरची बारीक जाळी. घाम, कानातला मळ, पावडर आणि धूळ यांचा तिथे थर बसतो.

सातपूर-अंबडच्या वर्कशॉपमध्ये आणखी एक भानगड होते. इअर स्पीकरमध्ये लोहचुंबक असतं. ग्राइंडिंगची लोखंडी धूळ जाळीवर पडली की ते तिला धरून ठेवतं. असा फोन नुसता झटकून किंवा फुंकर मारून साफ होत नाही. उलट फुंकरीतला ओलावा आत जातो.

मग करायचं काय? कॉल चालू असतानाच आवाजाचं वरचं बटण दाबा. गाण्याचा आवाज आणि कॉलचा आवाज वेगवेगळे असतात. टेम्पर्ड ग्लासची कड इअर स्पीकरच्या फटीवर आलीय का बघा, आली असेल तर काच काढून कॉल करा. त्यानंतर फोन बंद करून फट जमिनीकडे येईल असा धरा आणि मऊ, कोरडा, नवा टूथब्रश फटीवरून हलक्या हाताने फिरवा. ॲपलही आयफोनसाठी स्वच्छ, कोरडा, मऊ ब्रशच सांगते. लोखंडी धूळ उरली, तर चिकटपट्टीचा तुकडा जाळीवर दाबून उचला, आणि पट्टीवर काळे कण यायचे थांबेपर्यंत दर वेळी नवा तुकडा घ्या.

आता छोटे गैरसमज. ‘नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे’: मग स्पीकरवरही आवाज तुटला असता. ‘टाचणीने टोकरलं की झालं’: जाळी फाटते आणि मागचा पडदाही. ‘थिनरचा थेंब सोडा’: मळ विरघळून आत उतरतो, शिवाय जाळीचा गोंद सुटतो. ‘पाणी काढणारा आवाज वाजवा’: त्याने पाण्याचे थेंब हलतील, सुकलेला मळ नाही.

स्पीकर खरोखर जातोही. साफ केल्यावरही आवाज फाटका, खरखरीत येत असेल किंवा मुळीच येत नसेल, तर तो बदलावा लागेल. तेव्हा एम. जी. रोडच्या दुकानात खुशाल जा, पण आधी जाळी साफ करून तपासायला सांगा. तरीही फरक पडला नाही, तरच नवा स्पीकर टाका. आणि ‘बोर्डाचं काम’ हे वाक्य, नवा स्पीकर टाकूनही आवाज बारीकच राहिला, तर ऐकून घ्या.