जो कमी दबतो, त्याच्यावर जास्त भार

एक पोलादी सळई उभी आहे. तिच्याभोवती, मध्ये थोडी मोकळी जागा ठेवून, ॲल्युमिनियमची नळी. दोघांची उंची ४०० मिलिमीटर. खाली पक्का पाया आणि दोघांच्या डोक्यावर एकच जाड प्लेट, इतकी जाड की ती वाकण्याचा प्रश्नच नाही. प्लेटच्या बरोबर मध्यावर १०२ किलोन्यूटनचा भार ठेवला, म्हणजे दहा टनांहून थोडा जास्त. आता सळईवर किती वजन आलं आणि नळीवर किती?

बरेच जण पटकन निम्मं-निम्मं म्हणतील. थोडा विचार करणारा जाडी पाहील. सळईच्या कापाचं क्षेत्रफळ ६०० चौरस मिलिमीटर आहे आणि नळीच्या धातूचं १२०० चौरस मिलिमीटर, म्हणजे नळीवर दुप्पट भार यायला हवा, असं तो मांडेल. दोन्ही उत्तरं चुकीची आहेत. त्याहून गमतीची गोष्ट अशी, की शाळेतल्या बलांच्या नियमांनी दोन्ही उत्तरं बरोबरच ठरतात. समतोलाचा नियम एवढंच सांगतो, की सळईचा आणि नळीचा वाटा मिळून १०२ झाला पाहिजे. ५१ आणि ५१ चालतील, ३४ आणि ६८ चालतील, एकाला सगळं आणि दुसऱ्याला काहीच नाही हेही चालेल. भार मध्यावर असल्यामुळे प्लेट कलंडण्याचा हिशेब मांडूनही नवी माहिती मिळत नाही. अज्ञात राशी दोन आणि समीकरण एकच. अभियंते अशा रचनेला स्थितिकीदृष्ट्या अनिर्धार्य म्हणतात. केवळ समतोलावरून तिचा हिशेब पुरा होत नाही.

सुटका होते ती प्लेटमुळे. प्लेट वाकत नाही आणि सपाट राहते, म्हणून ती जितकी खाली जाईल तितकीच सळई दबेल आणि तितकीच नळीही दबेल. बलांबद्दल ही अट काहीच बोलत नाही. ती फक्त लांबीबद्दल आहे, पण तेच आपल्याला हवं असलेलं दुसरं समीकरण आहे. फ्रेंच अभियंता नाविए याने अशा प्रश्नांकडे पाहण्याची ही दृष्टी आपल्या व्याख्यानांतून पद्धतशीर मांडली. ती व्याख्यानं १८२६ साली छापली गेली. समतोल अपुरा पडला, की रचना किती आणि कशी दबते ते पाहायचं.

मग सळई एक मिलिमीटर दाबायला किती जोर लागेल ते काढू. त्यासाठी धातूचा स्थितिस्थापकता गुणांक लागतो. पोलादासाठी तो दर चौरस मिलिमीटरला सुमारे २,००,००० न्यूटन आहे आणि ॲल्युमिनियमसाठी सुमारे ७०,०००. क्षेत्रफळाला या गुणांकाने गुणायचं आणि लांबीने भागायचं. सळईसाठी उत्तर येतं दर मिलिमीटरला ३०० किलोन्यूटन आणि नळीसाठी २१०. हा त्या तुकड्याचा ताठपणा. दोघं एकत्र दबणार, म्हणून दोघांचा मिळून ताठपणा ५१०. त्यावर १०२ किलोन्यूटन ठेवले, की प्लेट ०.२ मिलिमीटर खाली जाते. तेवढं दबायला सळई ६० किलोन्यूटन घेते आणि नळी ४२.

म्हणजे निम्म्या क्षेत्रफळाच्या सळईने अर्ध्याहून जास्त भार उचलला. दर चौरस मिलिमीटरला सळईत १०० न्यूटनचं प्रतिबल आहे आणि नळीत फक्त ३५. इथे कोण जास्त मजबूत आहे हे आपण विचारलंच नाही, हे लक्षात घ्या. तुटायला किती जोर लागतो ही माहिती हिशेबात कुठेही आली नाही. भार जातो ताठ तुकड्याकडे, मग तो पेलायला तो समर्थ असो वा नसो. एकत्र कुटुंबात कामाचं वाटप जसं ताकद मोजून होत नाही, जो जागचा हलत नाही त्याच्या अंगावर ते पडतं, तसंच काहीसं.

आता खरी मेख. वरचा सगळा हिशेब ‘उंची तंतोतंत सारखी’ या गृहीतकावर उभा आहे. वर्कशॉपमध्ये तंतोतंत असं काही नसतं. समजा, सळई कापताना ०.१ मिलिमीटर आखूड झाली. हे अंतर साध्या कागदाच्या जाडीइतकं आहे, डोळ्याला ते जाणवणारही नाही. भार चढू लागला, की प्लेट आधी फक्त नळीवर टेकेल. नळी ०.१ मिलिमीटर दबेपर्यंत तिने एकटीने २१ किलोन्यूटन घेतलेले असतील, आणि तोवर सळई रिकामी उभी असेल. उरलेले ८१ मग ३०० आणि २१० या प्रमाणात वाटले जातील. शेवटी सळईवर सुमारे ४८ आणि नळीवर सुमारे ५४. कागदाच्या जाडीने वाटणी उलटी झाली.

फट अर्धा मिलिमीटर असेल तर? एकट्या नळीवर सगळे १०२ किलोन्यूटन आले तरी ती ०.४९ मिलिमीटरच दबते. म्हणजे प्लेट सळईला शिवतच नाही. कागदावर जी सळई सर्वांत जास्त भार घेत होती, ती प्रत्यक्षात शोभेची वस्तू ठरते. माझ्या मते या विषयात हीच गोष्ट सर्वांत आधी शिकवायला हवी. पाठ्यपुस्तकात ती बहुधा शेवटच्या उदाहरणांत येते. बाहेरून भार दुप्पट करणं हा मोठा बदल वाटतो, पण अशा रचनेत ०.१ मिलिमीटरची फटसुद्धा तितकीच बोलते.

म्हणूनच कुशल फिटर अशा जोडीचे तुकडे शक्यतो एकाच बैठकीत, एकाच उंचीला घासून घेतो. सळई नळीच्या आत असल्यामुळे प्लेट ठेवल्यावर फट दिसणार नाही, म्हणून तपासणी आधीच करायची. नळीच्या तोंडावर सरळपट्टी आडवी ठेवायची आणि तिच्याखाली सळईच्या माथ्यावर फीलर गेजचं पातं सरकवून पाहायचं. जेवढं जाड पातं आत जाईल तेवढी फट. ती भरायला त्याच जाडीची पातळ शिम बसवली, की हिशेब पुन्हा कागदावर आला. सळई आणि नळी शेजारी-शेजारी उभी असतील तर परीक्षा आणखी सोपी आहे. भार चढल्यावर जो तुकडा हाताने सहज फिरतो, त्याने अजून काहीच उचललेलं नाही.

पण शेजारी-शेजारी ठेवलं की प्रश्नच बदलतो. समजा, दोघांमध्ये ३४० मिलिमीटर अंतर आहे आणि प्लेटला कलण्याची मोकळीक आहे. भार मधोमध ठेवला तर वाटा निम्मा-निम्माच होतो, ५१ आणि ५१, कारण आता प्लेट कलंडू नये या समतोलावरूनच दोन्ही वाटे ठरतात. ताठपणाचा प्रश्नच उरत नाही. त्याची किंमत प्लेट मोजते. सळईच्या बाजूने ती ०.१७ मिलिमीटर खाली जाते, नळीच्या बाजूने ०.२४, आणि ती तिरकी होते. ती सपाट ठेवायची असेल तर भार सळईपासून १४० मिलिमीटरवर ठेवावा लागेल. तेव्हाच ६० आणि ४२ ही वाटणी परत येते. म्हणून अशा कोणत्याही उदाहरणात पहिली चौकशी ही करावी: प्लेटला सपाट कोण ठेवतंय?

हीच सळई आणि नळी आपल्या घरात कायमची उभी आहेत, फक्त वेगळ्या वेषात. आरसीसी कॉलम म्हणजे काँक्रीट आणि पोलादी गज यांची जोडी. इथे प्लेट नाही, पण काँक्रीटने गजांना पकडून ठेवलेलं असल्यामुळे दोघंही सारखीच दबतात. ३०० बाय ३०० मिलिमीटरचा कॉलम घेऊ, एम-२५ काँक्रीटचा, त्यात १६ मिलिमीटरचे चार गज. गजांचं क्षेत्रफळ कॉलमच्या ०.९ टक्के भरतं. आपल्या आयएस ४५६ या संहितेप्रमाणे एम-२५ काँक्रीटचा गुणांक २५,००० धरतात, म्हणजे पोलाद त्याच्या आठपट ताठ. कॉलमवर ५०० किलोन्यूटनचा भार आला, तर वरच्याच रीतीने गजांचा वाटा जेमतेम ७ टक्के निघतो आणि त्यांच्यातलं प्रतिबल सुमारे ४२.

ही पहिल्या दिवसाची गोष्ट. सळई आणि नळी एकदा दबली की तिथेच थांबतात, काँक्रीट मात्र थांबत नाही. सततच्या भाराखाली ते महिनोन् महिने, वर्षानुवर्षं हळूहळू आणखी दबत राहतं. काँक्रीटचं वय २८ दिवस असताना भार चढवला, तर कालांतराने हे जादा दबणं पहिल्या दबण्याच्या १.६ पट होतं, असं संहिता धरते. गज असं सरकत नाहीत. पण काँक्रीटबरोबर त्यांनाही आखूड व्हावं लागतं, आणि जितके ते आखूड होतील तितका भार त्यांच्यावर येतो. हिशेबात काँक्रीटचा ताठपणा २.६ ने भागून पाहिला, तर गजांचा वाटा सुमारे १६ टक्क्यांवर जातो आणि प्रतिबल ९८ च्या आसपास. वर एक विटही वाढलेली नाही, तरी गजांवरचा भार दुपटीहून जास्त झाला. काँक्रीट सुकताना आकसतं, त्याची भर वेगळीच.

मग कॉलमची ताकद काढताना डिझायनर हे सगळं मोजतो का? नाही. कमी उंचीच्या, सरळ भाराखालच्या कॉलमसाठी संहितेचं सूत्र काँक्रीटची ताकद आणि पोलादाची ताकद सरळ बेरीज करून टाकतं, ताठपणाचं त्यात नाव नाही. आपल्या कॉलमसाठी, गज एफई-५०० चे धरून, काँक्रीटचे सुमारे ८९२ किलोन्यूटन आणि गजांचे २६९. कॉलम निकामी होण्याच्या जवळ येतो तेव्हा गजांमधलं प्रतिबल आपल्या शिखराजवळ पोचलेलं असतं आणि काँक्रीटचंही. वाटेत कोणी आधी किती उचललं, याचा त्या टप्प्यावर फारसा फरक पडत नाही. सळई-नळीच्या जोडीतही असंच होतं. पोलाद आणि ॲल्युमिनियम मोडण्याआधी वाहतात, म्हणून ०.१ मिलिमीटरची फट असली तरी शेवटची ताकद जवळजवळ तीच राहते. नळीच्या जागी काचेसारखं, न वाहता फुटणारं काही असतं, तर ही सवलत मिळाली नसती. ते आधी फुटलं असतं आणि सगळा भार एका झटक्यात सळईवर आला असता.

तरीही काँक्रीटच्या त्या हळू सरकण्याने संहितेत आपली खूण ठेवलीच आहे. कॉलममध्ये किमान ०.८ टक्के पोलाद हवंच, अशी अट आहे. नुसता सरळ भार पेलायला काँक्रीट एकटं पुरत असलं, तरीही. या अटीमागे एक कारण वाकण्याचं आहे, कारण कोणताच कॉलम अगदी सरळ भाराखाली नसतो. दुसरं कारण हेच, की गज फार थोडे असले तर वर्षानुवर्षं त्यांच्याकडे सरकणारा भार मोजक्याच क्षेत्रफळावर साठत जातो आणि रोजच्या वापरातल्या भाराखालीच ते वाहू लागण्याची भीती असते.