हौद रिकामा व्हायला किती वेळ लागेल? पाणीवाटपाचा सोपा हिशेब

रात्रीच्या विजेवर हौद भरून ठेवायचा आणि सकाळी कॉक उघडून उताराने वाफ्यांना पाणी द्यायचे, ही पद्धत भाजीपाल्यात बऱ्याच ठिकाणी आहे. प्रत्येक वाफ्याला सारखा वेळ दिला, की पाणीही सारखे मिळाले असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात पहिला वाफा तुडुंब होतो आणि शेवटचा कोरडा राहतो.

असे का होते?

कॉकमधून पाणी बाहेर ढकलले जाते ते वरच्या पाण्याच्या दाबामुळे. हौद उपसत जाईल तसा दाब कमी होतो आणि धार मंदावते. मात्र धारेचा वेग खोलीच्या प्रमाणात कमी होत नाही, तो खोलीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होतो. खोली पाव झाली की धार निम्मी होते. सतराव्या शतकात इटलीच्या टॉरिसेली यांनी हा नियम मांडला.

हौदाच्या भिंती सरळ उभ्या असतील, तर यातून एक सोयीची गोष्ट निघते. ठरावीक वेळात खोली सारखी घटत नाही, पण खोलीचे वर्गमूळ सारखेच घटते.

प्रत्यक्ष उदाहरण

समजा, हौद ४ मीटर लांब आणि २.५ मीटर रुंद आहे. म्हणजे १ सेंमी पाणी उतरले की १०० लिटर बाहेर गेले. कॉकच्या मध्यापासून पाण्याची खोली १४४ सेंमी आहे, म्हणजे १४,४०० लिटर पाणी आहे. कॉक उघडल्यावर १० मिनिटांनी खोली १२१ सेंमी भरली.

१० मिनिटांत २३ सेंमी उतरले, म्हणून साधारण ६३ मिनिटांत हौद रिकामा होईल, असा सरळ हिशेब केला तर तो चुकेल. वर्गमूळ पाहा: १४४ चे १२ आणि १२१ चे ११. म्हणजे १० मिनिटांत वर्गमूळ १ ने घटले. १२ वरून शून्यावर यायला १२ × १० = १२० मिनिटे लागतील. पहिली धार शेवटपर्यंत टिकली असती, तर ६० मिनिटे पुरली असती. खरा वेळ त्याच्या बरोबर दुप्पट निघतो.

सूत्र असे: एकूण वेळ = मोजलेली मिनिटे × सुरुवातीच्या खोलीचे वर्गमूळ ÷ दोन्ही वर्गमुळांतील फरक.

चार वाफ्यांचे वाटप

चार सारख्या वाफ्यांना प्रत्येकी ३० मिनिटे दिली, तर खोली १४४ वरून ८१, मग ३६, मग ९ आणि शेवटी शून्य होईल. वाफ्यांना अनुक्रमे ६,३००, ४,५००, २,७०० आणि ९०० लिटर पाणी मिळेल. शेवटच्या वाफ्याला पहिल्याच्या सातव्या हिश्श्याइतकेच!

प्रत्येकाला ३,६०० लिटर द्यायचे असतील, तर वेळ साधारण १६, १९, २५ आणि ६० मिनिटे लागेल. घड्याळापेक्षा सोपा उपाय म्हणजे हौदाच्या आतल्या भिंतीवर कॉकच्या मध्यापासून १०८, ७२ आणि ३६ सेंमीवर रंगाने खुणा कराव्यात. पाणी खुणेवर आले की वाफा बदलावा. हौद भरताना दरवेळी पातळी १४४ सेंमीपर्यंतच आणावी. शेवटच्या वाफ्यात धार मंद असल्याने पाणी सुरुवातीलाच मुरते. म्हणून हौदाजवळचा वाफा शेवटी ठेवावा, दूरचा आधी भिजवावा.

हिशेब कुठे लागू पडत नाही?

- खोली हौदाच्या तळापासून नव्हे, तर कॉकच्या मध्यापासून मोजावी. कॉकखालचे पाणी बाहेर येत नाही.
- कॉकला पाइप जोडून तो खाली उतारावर सोडला असेल, तर पाइपच्या तोंडापासून पाण्याच्या पातळीपर्यंतची उंची धरावी. त्यामुळे धार तितकी मंदावत नाही. लांब पाइपमध्ये घर्षणही असते, तेव्हा हिशेब फक्त अंदाजापुरता वापरावा.
- शेततळ्याच्या तिरप्या काठांना किंवा हौद भरत असताना हे सूत्र चालत नाही.
- पाणी कॉकच्या थोडेसेच वर उरले की भोवरा पडून हवा आत शिरते. शेवटच्या काही सेंमीचा वेळ धरू नये.

तपासणी कशी करावी?

२० मिनिटांनी पुन्हा खोली मोजावी. वरच्या उदाहरणात ती १०० सेंमी (वर्गमूळ १०) यायला हवी. खोली १०५ भरली, तर वर्गमूळ साधारण १०.२ येते. म्हणजे दुसऱ्या १० मिनिटांत ते १ ऐवजी ०.८ नेच घटले. अशा वेळी कॉकच्या तोंडाशी शेवाळ किंवा पालापाचोळा अडकला आहे का, ते आधी पाहावे. तोंड साफ करून, हौद भरून पुन्हा मोजमाप घ्यावे.