खोक्यातली चिठ्ठी आणि पाच स्टार

गेल्या पावसाळ्यात मी ऑनलाइन एक इलेक्ट्रिक केटल मागवली. खोक्यात वॉरंटी कार्डाखाली एक रंगीत चिठ्ठी होती. पाच स्टार द्या, दोन ओळी लिहा, स्क्रीनशॉट खालच्या व्हॉट्सॲप नंबरवर पाठवा आणि पुढच्या खरेदीवर शंभर रुपये सूट मिळवा. केटल त्या दिवशी उत्तम चालली होती. ‘चांगलीच तर आहे, मग घे की शंभर रुपये,’ असं घरच्यांचं म्हणणं पडलं. मी थांबलो. तीन आठवड्यांनी पाणी उकळल्यावर आपोआप बंद होणं केटलने सोडून दिलं.

वस्तूचे खरे गुणदोष वापरात कळतात आणि चिठ्ठी मात्र खोकं उघडल्याबरोबर मत मागते. सूट घेऊन पाच स्टार देणारा प्रत्येक जण खोटं बोलत असतो असं नाही. पण ज्याला केटल आवडली नाही, त्याला तीन स्टार देऊन ते शंभर रुपये मिळत नाहीत. अट तिथेच आहे. विक्रेता मत विचारत नाही, मताचा निकाल आधी ठरवून त्याची किंमत देतो.

त्याने आकडा किती हलतो ते पाहा. चाळीस जणांनी मनापासून दिलेल्या स्टारची सरासरी ३.१ आहे असं धरा. त्यात चिठ्ठीच्या जोरावर आलेले साठ पंचतारे मिळवले, की सरासरी ४.२४ होते. काही संकेतस्थळं साधी सरासरी न काढता वेगळा हिशेब लावतात, तरी ओढ वरच्या बाजूलाच राहते. ३.१ पाहून आपण पुढे सरकतो, ४.२ पाहून ऑर्डर देतो. त्या शंभर रुपयांची भरपाई पुढचा अनोळखी ग्राहक करतो. शेजारी प्रामाणिकपणे तशीच केटल विकणारा, चिठ्ठी न घालणारा दुकानदार यादीत खाली जातो, हे नुकसान तर कुणाला दिसतही नाही.

नियम याच्या विरोधात आहेत. ॲमेझॉनने २०१६ मध्येच मोबदल्यातले रिव्ह्यू बंद केले; अपवाद स्वतःच्या ‘वाइन’ योजनेचा. गूगललाही सवलतीच्या बदल्यात लिहिलेले अभिप्राय चालत नाहीत. भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक आणलं, पण ते ऐच्छिक ठेवलं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनचा ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेला नियम अधिक नेमका आहे: मत चांगलं किंवा वाईटच असावं या अटीवर मोबदला देता येत नाही. ही रेघ मला पटते. ‘काहीही लिहा, पण लिहा’ म्हणून सगळ्यांना सारखी सूट देणं आणि ती घेतल्याचं अभिप्रायात उघड सांगणं, ही गोष्ट निराळी. तरी संकेतस्थळ त्यालाही मनाई करत असेल, तर तेही करू नये.

चिठ्ठी हातात आली की आधी तिचा फोटो काढून ठेवावा, त्यात विक्रेत्याचं नाव किंवा नंबर दिसेल असा. तो ग्राहक सेवेकडे तक्रारीसोबत पाठवावा. चिठ्ठीची हकिगत वस्तूच्या रिव्ह्यूमध्ये लिहिण्याचा मोह होतो, पण विक्रेत्याबद्दलचा मजकूर तिथे चालत नसल्यास अख्खा रिव्ह्यू काढला जाऊ शकतो. म्हणून तक्रार वेगळी आणि वस्तूचं मत वेगळं ठेवावं. रिव्ह्यू आठ-पंधरा दिवस वापरून लिहावा. त्या व्हॉट्सॲप नंबरवर काही पाठवूच नये: तुमचा नंबर, ऑर्डरचा तपशील आणि कधीकधी यूपीआय आयडी अशा माणसाच्या हाती जातो, जो सूट देईलच याची हमी नाही.

गल्लीतला ओळखीचा इलेक्ट्रिशियन किंवा फराळ करून देणारी काकू असं मागते, तेव्हा नाही म्हणणं अवघड जातं. तिथे मी सरळ सांगतो, ‘काकू, चकली आवडली की मी लिहीनच, सूट मात्र नको.’ आणि चकली आवडली तर त्याच संध्याकाळी लिहितो, कारण लहान धंद्याला चार खऱ्या ओळींची गरज असतेच.

केटलबद्दल मी दोन स्टार दिले आणि आपोआप बंद न होण्याचा दोष लिहिला. दोन दिवसांत विक्रेत्याचा निरोप आला: रिव्ह्यू काढा, पूर्ण पैसे परत करतो. मी कळवलं की केटल वॉरंटीत आहे, दुरुस्ती किंवा बदली माझा हक्क आहे आणि त्याचा रिव्ह्यूशी संबंध नाही. उत्तर आलं नाही, तेव्हा संकेतस्थळाकडे चिठ्ठीचा फोटो आणि हा निरोप दोन्ही पाठवले. तिथेही काही हललं नसतं, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर लावला असता. आठव्या दिवशी बदली केटल आली. ती बंद होते. रिव्ह्यूखाली मी तेवढी एक ओळ वाढवली, स्टार मात्र दोनच ठेवले, कारण पुढच्या माणसाला कुठली केटल मिळेल हे मला सांगता येत नाही.