फोटोतला पॉवर बँक खरा की खोटा?

ऑनलाइन पॉवर बँक घेताना समोरच्या झगमगीत फोटोवर थांबू नका. मागच्या बाजूचा, बारीक अक्षरांचा फोटो मोठा करून पाहा. बनावट मालाची गफलत बहुधा तिथेच सापडते.

समजा, क्षमता २०,००० एमएएच आणि आतल्या सेलचा व्होल्टेज ३.७ लिहिला आहे. एमएएचला हजाराने भागून व्होल्टेजने गुणले की ऊर्जा मिळते : २० गुणिले ३.७, म्हणजे ७४ वॅट-तास. छापलेला आकडा ३७ असेल, तर दोन्ही दावे एकाच वेळी खरे असूच शकत नाहीत. आउटपुटचेही तसेच : ५ व्होल्ट, २ अँपिअर म्हणजे १० वॅट. त्याच ओळीत २० वॅट कसे येतील? स्पेलिंगच्या चुका तर बोनस!

मग बीआयएसचे चिन्ह. त्याखाली ‘आर’ आणि पुढे आठ अंकी नोंदणी क्रमांक हवा. तो असला म्हणून निर्धास्त होऊ नका, क्रमांक चोरताही येतो. ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये तो टाकून कंपनी आणि वस्तू जुळते का, ते बघा.

चार्जरच्या दोन अर्ध्या कवचांमधली शिवण सगळीकडे सारखी बारीक हवी. फट, बाहेर आलेला डिंक किंवा उचकटल्याचे ओरखडे दिसले, तर शंका घ्या. नुसत्या शिवणीवरून मात्र निकाल देऊ नये.

फोटो आतले सर्किट दाखवत नाही, आणि हुबेहूब नक्कल लेबलही चोख छापते. विक्रेता मागचा स्पष्ट फोटो द्यायला टाळाटाळ करत असेल, तर ती वस्तू घेऊ नका.