सुटलेली जागा आणि पुढचा नंबर

रेल्वेचं वेटिंग तिकीट आपोआप कन्फर्म होतं, कारण त्याचे पैसे आधीच भरलेले असतात. रविवारच्या कुंभारकाम कार्यशाळेचं तसं नसतं. वीस जागा भरल्यावर यादीत आलेल्यांनी नुसतं नाव दिलेलं असतं, आणि तोवर त्यांचा बेत बदललेलाही असू शकतो. म्हणून सुटलेली जागा परस्पर कुणाच्या नावावर टाकू नये. ती पुढच्या माणसाला देऊ करावी आणि उत्तरासाठी मुदत द्यावी.

हे काम गूगल शीट आणि तिच्यासोबत मिळणाऱ्या ॲप्स स्क्रिप्टवर होतं. नाव, नोंदणीची वेळ, स्थिती आणि मुदत एवढे रकाने पुरतात. खरी गोम स्थितीच्या रकान्यात आहे. जागा एकतर रिकामी किंवा भरलेली, एवढंच धरलं की घोटाळा होतो: पहिल्या माणसाला निरोप गेलेला असताना तीच जागा नोंदणीच्या पानावर रिकामी दिसते आणि तिसराच कुणीतरी ती घेऊन जातो. म्हणून ‘राखून ठेवलेली’ ही तिसरी स्थिती हवीच.

समजा, गुरुवारी संध्याकाळी सहाला एकाने नाव रद्द केलं. पहिल्या नंबरला ईमेल गेला, मुदत शुक्रवारी सहापर्यंत. स्क्रिप्ट दर पंधरा मिनिटांनी यादी तपासते. मुदत उलटून गेली की जुनी लिंक बंद करते आणि दुसऱ्या नंबरला कळवते. पण त्यालाही चोवीस तास दिले तर शनिवारची संध्याकाळ उजाडते आणि तिसऱ्याच्या हाती जेमतेम एक रात्र उरते. त्यामुळे मुदत कमी करत न्यावी: शुक्रवारी संध्याकाळी चार तास, शनिवारी दोन. रात्री दहा ते सकाळी आठ हा वेळ मोजू नये. झोपलेल्या माणसाचा नंबर जाणं अन्यायाचं आहे.

ईमेलमधली लिंक नुसती उघडल्याने जागा पक्की होऊ देऊ नका. कित्येक कंपन्यांच्या मेलवर विषाणू तपासणारी यंत्रणा असते आणि ती प्रत्येक लिंक स्वतःच उघडून पाहते. मग माणसाने ईमेल पाहिलाही नसतो आणि जागा मात्र त्याच्या नावावर लागते. ईमेल गेल्या गेल्या एक-दोन सेकंदांत होकार आला, तर हीच शंका घ्यावी. लिंकवरून पान उघडावं आणि तिथलं ‘मी येतोय’ हे बटण दाबल्यावरच जागा पक्की व्हावी.

जोडीने येणाऱ्यांचा नियम आधीच सांगून ठेवावा. दोन जागा हव्या असताना एकच सुटली, तर ती त्यांच्या मागच्याला जाते. त्यांचा नंबर मात्र होता तिथेच राहतो. शनिवारी रात्री आठनंतर सुटलेल्या जागेसाठी एकेकाला विचारत बसायला वेळ नसतो. तेव्हा उरलेल्या सगळ्यांना एकदम कळवावं, आणि जो आधी बटण दाबेल त्याला जागा मिळेल, हे त्या निरोपातच स्पष्ट लिहावं.