लिफाफ्यातली चाल

१९७८ साली फिलिपिन्समधल्या बागियो शहरात बुद्धिबळाच्या जगज्जेतेपदाची लढत चालू होती. डाव रंगात आलेला असताना अनातोली कार्पोव्हला कोणीतरी दही आणून दिलं. व्हिक्टर कोर्चनॉयच्या गोटाने त्यावर लेखी हरकत घेतली. दही कधी येतं आणि कोणतं येतं, यावरून खेळाडूला बाहेरून खुणेने निरोप देता येईल, असं त्यांचं म्हणणं होतं. मग दही कोणी आणायचं आणि किती वाजता आणायचं, हेही ठरवण्यात आलं. त्याआधी १९७२ मध्ये रेक्याविकला फिशर आणि स्पास्की खेळत असताना खेळाडूंच्या खुर्च्यांची क्ष-किरण तपासणी झाली होती. दिव्यांची झाकणंही उघडून पाहिली, तेव्हा आत दोन मेलेल्या माश्या सापडल्या.

बुद्धिबळाच्या क्लबावर विनोदी, खोटा माहितीपट लिहायला घेणाऱ्याने हे आधी वाचावं, असं मला मनापासून वाटतं. खऱ्या घटनाच इतक्या टोकाच्या आहेत की कल्पनेने त्यांच्या पुढे जाण्यात अर्थ नाही. गांभीर्य बागियोइतकंच ठेवायचं आणि जागा छोटी करायची: सोसायटीच्या तळमजल्यावरचं पार्किंग, दोन घडीची टेबलं, चार पट, आणि साडेनऊला दिवे बंद करणारा वॉचमन.

या प्रकाराला सगळीकडे ‘मॉक्युमेंटरी’ म्हणतात. रॉब रायनरचा ‘धिस इज स्पायनल टॅप’ (१९८४) हा त्यातला मैलाचा दगड. पुढे ‘द ऑफिस’ या ब्रिटिश मालिकेने (२००१) हा ढंग घरोघरी नेला. सहा मिनिटांच्या स्किटसाठी त्यांच्याकडून एकच गोष्ट उचलली तरी पुरे: कॅमेऱ्यासमोरच्या कोणालाही आपण विनोदी आहोत याचा पत्ता नसतो. त्यासाठी लेखकाला भांडण असं शोधावं लागतं, ज्यात सगळेच नियमाला धरून बोलत असतील.

माझ्या मते बंद चालीचा नियम यासाठी सर्वांत चांगला. पूर्वी लांबलेला डाव तहकूब करत. ज्याची चाल असेल तो ती पटावर न खेळता गुपचूप कागदावर लिहायचा आणि लिफाफ्यात बंद करायचा. लिफाफ्यावर पटाची स्थिती, दोघांचा वापरलेला वेळ, खेळाडूंची नावं आणि चालीचा क्रमांक लिहून पंच तो स्वतःकडे ठेवायचा. त्यामुळे मधल्या वेळेत कोणालाच फायदा मिळत नसे, कारण एकाला आपली चाल बदलता येत नाही आणि दुसऱ्याला ती ठाऊक नसते. संगणक रात्रभरात उत्तर शोधून देऊ लागले तशी मोठ्या स्पर्धांतून ही प्रथा १९९०च्या दशकात गेली. आपल्या पार्किंगमधल्या क्लबात मात्र ती चालू आहे, कारण साडेनऊला दिवे जातात. या नियमाला एक पोटनियम आहे: लिहिलेली चाल संदिग्ध असेल आणि तिचा खरा अर्थ लावताच येत नसेल, तर लिहिणारा डाव हरतो. स्किटचं अख्खं भांडण या पोटनियमात तयारच आहे.

क्लबाचे अध्यक्ष, म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले आजोबा, सातवीतल्या मुलीशी खेळताहेत. दिवे जातात. आजोबा चाल लिहून लिफाफा बंद करतात आणि खजिनदार काकू तो सोसायटीच्या कपाटात ठेवतात. आठवड्याने लिफाफा उघडतो. हत्तीची चाल आहे, पण रांगेचा आकडा इंग्रजी एक आहे की सात, ते कळत नाही. एक असेल तर हत्ती माघारी घरी गेला. सात असेल तर तो थेट शत्रूच्या वजिरावर चालून गेला.

इथे लेखकाने खरा पट मांडून बसायला हवं. आजोबांचा पांढरा राजा किल्लेकोट केलेला, पुढ्यात तीन प्यादी आपल्या जागी, पळायला खिडकी नाही. त्यांचा हत्ती डाव्या कडेच्या उभ्या ओळीत पाचव्या रांगेवर, आणि त्याच रांगेत उजव्या टोकाला वजीर. मुलीचा काळा वजीर सातव्या रांगेत आणि त्याच्या मागे आठवीत हत्ती, दोघंही राजाच्या मूळ उभ्या ओळीत. तिचा राजाही किल्लेकोटात, तीन प्याद्यांआड. आता आजोबांनी हत्ती सातव्या रांगेत नेला, तर काळ्या वजिरावर हल्ला होतो खरा, पण तोच वजीर सरळ पहिल्या रांगेत उतरून मात देतो. हत्ती पहिल्या रांगेत आणला, तरी काळा वजीर तिथेच उतरतो. आजोबांचा हत्ती त्याला मारतो, मागचा काळा हत्ती त्या हत्तीला मारतो, आणि मात. एक असो वा सात, डाव गेलेलाच आहे. हे फक्त त्या मुलीला दिसतं, आणि तिला कोणी विचारत नाही.

स्थिती इतकी नेमकी हवी, कारण खेळणारा प्रेक्षक पडद्यावरचा पट वाचतो. पट नव्वद अंशांत फिरवून मांडलेला असेल, उजव्या हाताच्या कोपऱ्यात पांढरं घर नसेल, तर त्याचा विश्वास तिथेच उडतो आणि पुढची गंमत त्याच्यापर्यंत पोचत नाही.

आता बाइट. टीव्हीच्या लोकांचा हा शब्द मुलाखतीच्या छोट्या तुकड्यासाठी आहे. खऱ्या माहितीपटात बहुधा माणूस भिंगात पाहत नाही, भिंगाच्या शेजारी बसलेल्या प्रश्नकर्त्याकडे पाहतो. प्रश्न कापला जाणार असतो, म्हणून उत्तर पूर्ण वाक्यात द्यायला सांगतात. खोट्या माहितीपटातही हे जसंच्या तसं पाळावं. प्रत्येक बाइट दहा-पंधरा सेकंदांचा ठेवावा, आणि बोलणाऱ्याला त्यातून काहीतरी साधायचं असावं. आजोबांना अब्रू वाचवायची आहे, चिटणिसांना घटना वाचवायची आहे, काकूंना कपाटाच्या किल्लीवरचा संशय दूर करायचा आहे. नुसता विक्षिप्तपणा दाखवणारा बाइट पहिल्यांदा हसवतो, दुसऱ्यांदा कंटाळा आणतो. माणसाला काही हवं असलं की त्याचं बोलणं आपोआप पुढे सरकतं.

एक तुकडा लिहून पाहू.

चिटणीस (मागे विजेच्या मीटरची पेटी): “क्लबाच्या घटनेत कलम अकरा स्पष्ट आहे. लिफाफा उघडताना दोन साक्षीदार लागतात. आम्ही दोन ठेवले.”

कटअवे: वॉचमन आणि इस्त्रीवाला शेजारी शेजारी उभे. इस्त्रीवाल्याच्या हातात कपड्यांचं गाठोडं. दोघंही कॅमेरा बंद व्हायची वाट पाहताहेत.

आजोबा (स्वेटर, कडक इस्त्री): “मी चाल लिहिली आहे. ती वाचणं हे माझं काम नाही. आणि मी आता सांगितलं, तर ते नियमाबाहेर होईल.”

काकू: “किल्ली माझ्या मंगळसूत्राला असते. अंघोळीच्या वेळीसुद्धा.”

कटअवे: कपाट. कुलूप आहे, कडीला नाही, शेजारच्या खिळ्याला लटकतंय.

इथे दोन तऱ्हेचे कटअवे आले आहेत. कुलपाचा कटअवे बोलणाऱ्याला खोटं पाडतो. तो पटकन यावा आणि पटकन जावा, दोन सेकंद बास. साक्षीदारांचा कटअवे कोणालाच खोटं पाडत नाही, तो नुसता अवघडलेला आहे, आणि त्याची मजा लांबवण्यात आहे. माणसं आता पुरे झालं या आशेने कॅमेऱ्याकडे बघतात, तिथून पुढे तीन-चार सेकंद शॉट धरून ठेवायचा. पहिल्या तऱ्हेचे कटअवे लिहायला सोपे असल्याने नवा लेखक तेच भरतो. मग प्रत्येक वाक्यानंतर ते खोटं ठरणार हे प्रेक्षकाला आधीच कळतं, शिवाय माणसं लबाड वाटू लागतात. सहा मिनिटांत असे दोनच ठेवावेत. बाकीचे अवघडलेले असावेत, किंवा बोलणाऱ्याला खरं ठरवणारे. चिटणीस म्हणतात की घड्याळ अचूक आहे, आणि ते खरोखर अचूक असतं. अशा जागी माणसाबद्दल आदर वाटतो, आणि नंतरचं हसू जास्त खोल जातं.

मुलीचा बाइट कुठे ठेवायचा, हा या स्किटमधला सर्वांत मोठा निर्णय आहे. ती दप्तर पाठीवर ठेवूनच बसली आहे.

मुलगी: “आजोबांनी एक लिहिला असेल तर दोन चालींत मात आहे. सात असेल तर एका चालीत. मला कोणी विचारलं नाही. तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं.”

हा बाइट शेवटी ठेवायचा मोह होतो. तसं केलं तर तो एक टाळीचा विनोद होतो आणि संपतो. मी तो चौथ्या मिनिटाच्या सुरुवातीला ठेवीन. त्यानंतरची दोन-अडीच मिनिटं सभा चालूच राहते. आकड्याची वळणं तपासायला आजोबांची जुनी पासबुकं येतात, हस्ताक्षर ओळखतात म्हणून पोस्टातून निवृत्त झालेल्या काकांना बोलावतात, मतदानाचा ठराव मांडला जातो. प्रेक्षकाला सगळं ठाऊक आहे, आणि मुलगी प्रत्येक शॉटच्या कडेला गृहपाठ करत बसलेली दिसते. कॅमेरा तिच्याकडे मुद्दाम वळवू नये. प्रेक्षकाने तिला स्वतः शोधावं.

कॅमेऱ्याकडे टाकलेला कटाक्ष हे या प्रकाराचं सर्वांत वापरलं जाणारं हत्यार आहे, आणि सर्वांत लवकर बोथट होणारंही. या स्किटमध्ये तो एकाच माणसाला द्यावा. वॉचमनला द्यावा, कारण क्लबाशी ज्याचा संबंध नाही असा तो एकटाच आहे. आजोबांचं काम करणाऱ्या नटाने एकदा जरी मिश्कील पाहिलं, तरी आजोबांना सगळं कळतंय असा अर्थ होतो आणि त्यांची अब्रू पणाला लागलेलीच राहत नाही. तालमीत हे लगेच ओळखू येतं: नटाचं वाक्य संपायच्या आत समोरची माणसं हसू लागली, तर तो वाक्य विनोद म्हणून टाकतोय.

क्रिस्टोफर गेस्ट आपल्या ‘बेस्ट इन शो’ (२०००) सारख्या चित्रपटांत प्रसंगांचा आराखडा लिहितो आणि संवाद नटांवर सोपवतो. कसलेल्या नटांबरोबर ते जमतं, कारण संकलनासाठी ढीगभर चित्रीकरण हाताशी असतं. गल्लीतल्या हौशी गटाने मधला रस्ता धरावा: प्रत्येक बाइटचं पहिलं आणि शेवटचं वाक्य लिहून द्यावं, मधलं नटाने आपल्या तोंडच्या भाषेत बोलावं. लिहिलेलं शेवटचं वाक्य असलं की संकलकाला कापायची जागा मिळते.

शेवट नियमानेच व्हावा. चिटणीस जड आवाजात निर्णय वाचतात: चाल संदिग्ध, अध्यक्ष पराभूत. आजोबा उभे राहून मुलीशी हात मिळवतात. पण मुलगी हरकत घेते. तिला असा विजय नको आहे, तिला मात द्यायची आहे. घटनेत याला कलम नाही. चिटणीस नवं कलम लिहायला कागद मागतात, काकू पट पुन्हा मांडायला घेतात, आणि साडेनऊ वाजतात. दिवे जातात. अंधारात आजोबांचा आवाज येतो: “लिफाफा आहे का कोणाकडे?”