बढतीचा विषय काढताना हातात काय असावं?

बढतीचा निर्णय आपला मॅनेजर घेतो, असं बहुतेक नोकरदार धरून चालतात. मोठ्या आयटी कंपन्यांत हे अर्धंच खरं असतं. मॅनेजर नाव सुचवतो. पुढे वेगवेगळ्या टीमचे मॅनेजर, त्यांचे वरिष्ठ आणि एचआरची माणसं एकत्र बसून सगळी नावं एकमेकांशी ताडून पाहतात. या बैठकीला कॅलिब्रेशन म्हणतात. तिथे एकेका नावाला जेमतेम काही मिनिटं मिळतात, आणि ज्याच्याबद्दल बोलणं चाललेलं असतं तो तिथे नसतो. त्याची बाजू मांडायची ती मॅनेजरनं. त्यामुळे बढतीविषयी बोलायला वेळ मागताना जो कागद सोबत द्यायचा, तो मॅनेजरला त्या बैठकीत जसाच्या तसा वापरता आला पाहिजे.

हिंजवडीतल्या एखाद्या कंपनीतली एक सीनियर टेस्ट इंजिनिअर कल्पनेत आणू. तिला टेस्ट लीड व्हायचंय. कामांची यादी करायला बसल्यावर ती लिहिते: 'बँकेच्या ॲपचं टेस्टिंग केलं, ऑटोमेशन केलं, रिलीजच्या वेळी शनिवार-रविवारीही काम केलं.' सगळं खरं आहे, पण यातून बढती मिळत नाही. ही तिच्या आजच्याच हुद्द्याची कामं आहेत, आणि सुट्टी मोडून राबल्याने माणूस कष्टाळू ठरतो, लीड ठरत नाही.

तेच ऑटोमेशन तिनं असं लिहावं: 'रिलीजआधीच्या रिग्रेशन टेस्टिंगला चार दिवस लागायचे. कोणत्या टेस्ट ऑटोमेट करायच्या ते मी ठरवलं आणि दोन सहकाऱ्यांना घेऊन त्या लिहिल्या. जूनपासून हेच काम दीड दिवसात होतं.' आता आधीची स्थिती, तिचा स्वतःचा निर्णय आणि झालेला बदल, तिन्ही दिसतात. इथे 'मी' लिहायला अनेकांना संकोच वाटतो. पण नुसतं 'आम्ही केलं' लिहिलं, की बैठकीत कुणीतरी विचारतंच, 'यात हिचं नेमकं काय?' आणि मॅनेजरकडे उत्तर नसतं. सहकाऱ्यांचं श्रेयही लिहावं आणि आपला वाटाही.

कागदाचा दुसरा भाग मात्र बरेच जण लिहीतच नाहीत, आणि खरी अडचण तिथेच होते. अनेक कंपन्यांत प्रत्येक हुद्द्याकडून काय अपेक्षा आहे याचा तक्ता एचआर पोर्टलवर असतो. नसेल तर मॅनेजरकडे मागावा. लीडसाठी त्यात साधारणपणे कामाचा अंदाज बांधणं, ज्युनियरांचं काम तपासणं, क्लायंटशी बोलणं अशा गोष्टी असतात. आपल्या इंजिनिअरनं प्रत्येकीपुढे पुरावा लिहावा: दोन नव्या मुलांना तयार केलं, त्यांचं टेस्टिंग आता तीच तपासते, लीड रजेवर असताना एका रिलीजचा अंदाज तिनं बांधला. क्लायंटशी ती अजून बोललेली नाही, तर तेही लिहावं आणि पुढच्या तिमाहीत ती संधी मागावी. उणीव आपणच दाखवली तर बाकीच्या दाव्यांवर विश्वास बसतो.

मागितल्याने फरक पडतो का? गूगलमध्ये इंजिनिअरांना स्वतःचं नाव बढतीसाठी सुचवता येत असे, पण स्त्रिया ते कमी प्रमाणात करतात असं दिसलं. लास्लो बॉक हे गूगलचे माजी एचआर प्रमुख. त्यांनी २०१५ च्या आपल्या पुस्तकात नोंदवलंय, की वरिष्ठ अधिकारी ॲलन युस्टेस यांनी ही तफावत सांगणारा मेल पाठवल्यावर स्त्रियांची नावं पुढे येण्याचं प्रमाण वाढलं.

वेळ मागणारा मेल चार ओळींचाच असावा. 'पुढच्या आठवड्यात अर्धा तास मिळेल का? टेस्ट लीडच्या हुद्द्यासाठी मी कुठवर आलेय आणि काय कमी आहे, यावर तुमचं मत हवंय. एका पानाची टिपणं जोडली आहेत.' पगाराचा विषय या मेलमध्ये नको, आणि दुसरीकडून आलेल्या ऑफरचा तर नकोच. नाहीतर सगळी चर्चा तिकडेच वळते.

भेटीत 'छान चाललंय, बघू' एवढंच उत्तर आलं, तर हाती काही लागलं नाही असं समजावं. तेव्हा शांतपणे विचारावं, 'आज कॅलिब्रेशनला माझं नाव नेलं, तर कोणत्या मुद्द्यावर अडेल?' क्लायंट कॉल, मोठ्या रिलीजची जबाबदारी असं ठोस काही सांगितलं गेलं, तर त्याच दिवशी ते मेलवर लिहून पाठवावं, म्हणजे पुढच्या भेटीत बोलणं तिथूनच सुरू होतं. कधीकधी उत्तर वेगळंच असतं: टीमला दुसरा लीड नकोय, जागाच नाही. अशा वेळी कागद कितीही चोख असला तरी त्या टीममध्ये बढती होणार नाही. मग तोच कागद घेऊन कंपनीतल्या दुसऱ्या प्रोजेक्टकडे पाहावं.

कंपनीचं मूल्यमापनाचं वर्ष एप्रिल ते मार्च असेल, तर मार्चची वाट पाहू नका. तोवर नावं बहुधा ठरत आलेली असतात. हा मेल ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच पाठवा, म्हणजे राहिलेली जबाबदारी करून दाखवायला चार-पाच महिने हातात राहतील.